पिसदुऱ्याच्या शेणातले गवत आणि एक चित्र

माझा भाचा चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. गेल्या हिवाळ्यात शाळेच्या प्रदर्शनासाठी त्याला डायनासोरचे एक मोठे फ्लेक्स हवे होते. चित्रकाराला द्यायला पैसे नव्हते, म्हणून त्याने चित्र तयार करणाऱ्या एआयला एका ओळीचा प्रॉम्प्ट दिला, "चंद्रपूरच्या जंगलातले डायनासोर, अगदी खरे वाटतील असे". आलेले चित्र त्याने मला पाठवले आणि मागोमाग फोन केला.

"मामू, चित्र झकास आलंय. पण एक पोरगा विचारत होता, हे जनावर आपल्या गावचंच आहे का? मला काही सांगता येईना."

चित्रात दाट हिरवे जंगल होते. मागे धूर ओकणारा शंकूसारखा डोंगर होता. तळ्यात पोटापर्यंत बुडालेला लांब मानेचा एक प्राणी होता आणि काठावर टिरॅनोसॉरस जबडा उघडून उभा होता. टिरॅनोसॉरस उत्तर अमेरिकेचा, त्याचा चंद्रपूरशी काही संबंध नाही. लांब मानेचा प्राणी कोणता ते ओळखता येत नव्हते, आणि तो उभा होता १८९७ सालच्या समजुतीप्रमाणे. भाच्याला मी म्हटले, हे छापू नकोस, थोडे थांब. त्यानंतरचे दोन आठवडे एका प्रॉम्प्टमध्ये गेले. भूशास्त्र हा माझा विषय नव्हे, मी इतिहासाच्या वाटेने गेलो. त्या वाटेवर कळले की या प्रॉम्प्टमधले जवळजवळ प्रत्येक वाक्य म्हणजे एखाद्या जुन्या वादाचा निकाल आहे.

असे यंत्र हाडे पाहून शिकत नाही, चित्रे पाहून शिकते. लांब मानेच्या डायनासोरांची म्हणजे सॉरोपॉडांची चित्रे लोक सुमारे दीडशे वर्षे काढत आले आहेत आणि त्यातला बराच काळ ती चुकीचीच काढली गेली. आपण मोघम मागितले की यंत्र या साऱ्याचा काला करून देते. म्हणून आधी ती चूक कुठून आली ते पाहू.

१८४१ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी इंग्लंडमधल्या काही प्रचंड हाडांना सेटिओसॉरस, म्हणजे देवमाशासारखा सरडा, असे नाव दिले. एवढा मोठा प्राणी समुद्रातच असणार, असा त्यांचा तर्क होता. पुढे अमेरिकेत अख्खे सांगाडे मिळाले, पाय दिसले, तेव्हा समुद्राची दलदल झाली. इतके वजन पायांना पेलणार नाही, पाण्याचा आधार हवाच, असे मानले गेले. शिवाय कवटीतली नाकपुडीची भोके कपाळाच्या बाजूला वर होती. मग काय, प्राणी पाण्यात बुडून तेवढे डोके वर काढत असणार, हे ठरूनच गेले. चार्ल्स नाइट यांचे १८९७ चे ब्रॉन्टोसॉरसचे चित्र असेच दलदलीत उभे आहे आणि पुढची कित्येक दशके पाठ्यपुस्तके तेच पाहून काढली गेली.

ही समजूत एका साध्या हिशेबाने मोडली. १९५१ मध्ये केरमॅक यांनी दाखवले की डोके पृष्ठभागावर ठेवून छाती काही मीटर खोल बुडवली, तर पाण्याच्या दाबाने फुप्फुसे फुगणारच नाहीत. पुढे पायांची आणि छातीची घडण नीट तपासली गेली, तेव्हा ती पाणघोड्यापेक्षा जमिनीवरच्या प्राण्याशी जास्त जुळली. नाकपुड्यांचा प्रश्न त्याहून उशिरा सुटला. २००१ मध्ये लॉरेन्स विटमर यांनी आजच्या प्राण्यांशी तुलना करून मांडले की हाडातले भोक वर असले तरी मांसल नाकपुडी तोंडाच्या पुढच्या टोकाजवळ होती. म्हणजे प्रॉम्प्टमध्ये "कोरड्या जमिनीवर चालत आहे" आणि "नाकपुड्या मुस्कटाच्या टोकाशी" ही दोन वाक्ये हवीत. नुसते "सॉरोपॉड" म्हटले की यंत्र त्याला पुन्हा पाण्यात नेऊन उभे करते.

पायांचा वाद तर मजेदार आहे. अँड्र्यू कार्नेगी या अमेरिकन उद्योगपतीने डिप्लोडोकसच्या सांगाड्याच्या प्रतिकृती युरोपातल्या राजधान्यांना भेट दिल्या. पहिली १९०५ मध्ये लंडनला उभी राहिली. सांगाड्याचे पाय हत्तीसारखे सरळ होते. अमेरिकेतल्या ऑलिव्हर हे यांनी १९०८ मध्ये आणि बर्लिनच्या गुस्टाव टोर्निअर यांनी १९०९ मध्ये आक्षेप घेतला. हा सरडाच आहे ना, मग कोपर-गुडघे बाहेर काढून तो सरपटतच चालायला हवा, असे त्यांचे म्हणणे. कार्नेगी संग्रहालयाचे विल्यम हॉलंड यांनी १९१० मध्ये उत्तर दिले. पाय असे फाकवले तर या प्राण्याची खोल छाती जमिनीला टेकते, तेव्हा तो जिथे जाईल तिथे आधी त्याच्यासाठी चर खणून ठेवावा लागेल, असा त्यांच्या उत्तराचा मथितार्थ होता. वाद तिथेच संपला म्हणायला हरकत नाही.

शेपटीचा निकाल मात्र जमिनीने दिला. १९३८ मध्ये रोलंड बर्ड यांना टेक्सासच्या पलक्सी नदीच्या पात्रात सॉरोपॉडांच्या पावलांच्या रांगा मिळाल्या. पावले स्पष्ट, पण त्यांच्यामधून शेपूट ओढत नेल्याची चर जवळपास नाहीच. तरीही शेपूट फरफटवणारी चित्रे आणखी तीसेक वर्षे निघत राहिली. पुरावा हाती आला तरी चित्र लगेच बदलत नाही. इतिहास लिहिणाऱ्याला याचे नवल वाटू नये.

आता आपल्या गावच्या जनावराकडे येतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या टेकडीवर १९८० च्या दशकात कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी एकाच प्राण्याचा बराचसा सांगाडा खोदून काढला. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचे वर्णन टायटॅनोसॉरस कोलबर्टी या नावाने छापले. पुढे २००३ मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी त्याला वेगळ्या प्रजातीचे नाव दिले, आयसीसॉरस. त्यातले पहिले तुकडे त्या संस्थेच्या नावाची आद्याक्षरे आहेत. संख्याशास्त्राच्या संस्थेवरून नाव पडलेला डायनासोर असेल तर तो हाच असावा.

हा टायटॅनोसॉर गटातला सॉरोपॉड होता, पण नेहमीच्या चित्रातल्यासारखा नव्हता. त्याच्या मानेचे मणके आखूड आणि उंच आहेत, म्हणजे मान तुलनेने तोकडी आणि खालून वर जाड असणार. पुढचा पाय लांब. नुसते दंडाचे हाड १४८ सेंटिमीटर आहे. ते उभे केले तर माझ्यासारख्या साडेपाच फुटी माणसाच्या हनुवटीला लागेल. त्याखाली कोपरापासून मनगटापर्यंतचे हाड आणि पंजा, ते वेगळेच. त्यामुळे खांदा चांगला उंच, आणि तिथून मान पुढे झेपावलेली. बाजूने पाहिले तर तरसाची आठवण व्हावी अशी ठेवण. लांबीचे अंदाज मात्र ११ मीटरपासून १८ मीटरपर्यंत पसरले आहेत, कारण सांगाडा पूर्ण नाही. कवटी मिळालेली नाही आणि मागचे पायही नाहीत.

इथे प्रॉम्प्ट लिहिणाऱ्याची खरी परीक्षा आहे. जे हाड नाही ते यंत्र स्वतःच्या मनाने भरणार, म्हणून ते आपणच विचार करून भरलेले बरे. डोक्यासाठी मी मादागास्करच्या रॅपेटोसॉरसचा आधार घेतला. तोही टायटॅनोसॉर, आणि मादागास्कर त्याआधी भारताला चिकटलेलेच होते. त्याचे डोके लांबट व ठेंगणे आहे आणि दात पेन्सिलीसारखे बारीक. पायांसाठी साऱ्या गटाचा नियम वापरला. टायटॅनोसॉरांच्या पावलांच्या रांगांमध्ये डावे आणि उजवे पाऊल एकमेकांपासून बरेच दूर पडते, म्हणजे धड रुंद आणि पाय फाकलेले, तरी खांबासारखे सरळ. पुढच्या पायाला बोटांची हाडे जवळजवळ उरलेलीच नव्हती, त्यामुळे तो पाय खाली बोथट खुंटासारखा संपतो, नखे दिसत नाहीत. मागच्या पायाला मात्र नख्या होत्या. ही बारीक गोष्ट वाटेल, पण चित्र खरे आहे की वरवरचे, ते पुढचा पाय पाहून चटकन कळते. यंत्र तिथे हमखास हत्तीची नखे काढते.

कातडीबद्दल अर्जेंटिनात १९९८ मध्ये जाहीर झालेल्या टायटॅनोसॉरांच्या अंड्यांनी मदत केली. आतल्या पिल्लांच्या कातडीचे ठसे टिकले होते. त्यात एकमेकांना न झाकणारे, खडीसारखे बारीक खवले आहेत. रंग कोणालाच ठाऊक नाही. मी मातकट तपकिरी घेतला आणि खाली तसे लिहायचे ठरवले.

आता भोवताल. डोंगरगावच्या त्याच भागात पिसदुरा हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्यापर्यंत तिथली हाडे पोहोचली होती, पण पिसदुऱ्याचे खरे धन तिथे शेतात सापडणारे दगड झालेले शेण आहे. वंदना प्रसाद, कॅरोलाइन स्ट्रोमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियान आणि अशोक साहनी यांनी ते विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. वनस्पतींच्या पेशींत सिलिकाचे कण साचतात आणि प्रत्येक गटाच्या कणांचा आकार वेगळा असतो. पाने सडली, पचली तरी कण राहतात. २००५ मध्ये त्यांनी जाहीर केले की त्या शेणात ताड-माडाच्या गटातल्या झाडांचे, सूचिपर्णी झाडांचे आणि रुंद पानांच्या सपुष्प झाडांचे कण आहेत, आणि त्यांच्या जोडीला किमान पाच प्रकारच्या गवतांचे.

गवत! तोवर डायनासोरांच्या चित्रकारांना पहिला धडा हाच मिळायचा की गवत काढू नका, ते नंतर आले. पिसदुऱ्याच्या शेणाने तो नियम निदान आपल्या भागापुरता मोडला. शेण कोणाचे, हे शेणावर लिहिलेले नसते. टायटॅनोसॉरांचे असावे असा संशोधकांचा कयास आहे. पण ते कोणाचेही असो, गवत त्या जमिनीवर होते एवढे पक्के.

यावरून भाचा उत्साहाने म्हणाला, मग हिरवेगार कुरण मागू या. तसे करता येत नाही. गवताचे कण सापडले म्हणजे कुरण होते असे ठरत नाही. पाण्याच्या काठाला, झाडांच्या अधेमधे गवताचे झुबके असणे एवढेच सुरक्षित आहे. आणि यंत्राला "गवत" हा शब्द नुसता दिला की ते क्रिकेटचे मैदान अंथरते. म्हणून "झुबके" आणि "मध्ये उघडी माती" हे शब्द जोडूनच लिहावे लागतात.

मातीचेही तसेच. ही हाडे ज्या थरांत मिळतात त्यांना लॅमेटा म्हणतात. त्या थरांत तांबड्या-हिरवट चिकणमाती, चुनखडीचे गोटे आणि उथळ तळ्यांचा गाळ आहे. चुन्याचे असे गोटे जमिनीत केव्हा धरतात, तर पाऊस थोडे महिने पडतो आणि बाकी वर्ष जमीन तापते तेव्हा. विदर्भातल्या वाचकाला ही जमीन समजावून सांगायला नको. म्हणजे पाठ्यपुस्तकातले ओलेचिंब जंगल बाद. ज्वालामुखीचा शंकूही बाद. दख्खनचा काळा दगड एका उंच शिखरातून आलेला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यातून लाव्हा थरांवर थर पसरला. डोंगरगावचा प्राणी जगला तो त्या उद्रेकांच्या सुमाराचाच काळ, साधारण ६ कोटी ६० लाख ते ७ कोटी वर्षांपूर्वीचा. फार तर क्षितिजावर सपाट काळी पट्टी चालेल. मी तीही वगळली, कारण ती दिली की यंत्र लगेच आग लावते.

हे सगळे जमवून मी जो प्रॉम्प्ट लिहिला तो असा:

"एकच मोठा चार पायांचा डायनासोर, पूर्ण शरीर, बरोबर बाजूने दिसणारे, डोळ्याच्या उंचीवरून. तो कोरड्या जमिनीवर संथ चालतो आहे. पुढचे पाय लांब, खांदे कंबरेपेक्षा उंच. मान आखूड व जाड, पुढे आणि थोडी वर उचललेली. डोके लहान, लांबट, ठेंगणे, नाकपुड्या मुस्कटाच्या टोकाशी. धड रुंद, पाय खांबासारखे सरळ, डाव्या-उजव्या पायांत मोठे अंतर. पुढचे पाऊल गोल बोथट खुंट. शेपूट मध्यम लांबीची, टोकापर्यंत जमिनीपासून वर. मांसल शरीर, कातडीवर बारीक खडीसारखे खवले, मातकट तपकिरी रंग. तांबडी माती, पांढरे चुन्याचे गोटे, उथळ तळ्याचा काठ, काठावर एक कासव. गवताचे विरळ झुबके, मध्ये उघडी माती. मागे ताडासारखी झाडे आणि रुंद पानांची झाडे. पावसाळ्यानंतरची दुपार, स्वच्छ प्रकाश."

कासव सजावटीसाठी नाही. पिसदुऱ्याला कासवांचे जीवाश्म मिळतात, एका जातीच्या शास्त्रीय नावातच गाव आहे. शिवाय चित्रात माणूस ठेवता येत नाही, तेव्हा प्राणी किती मोठा ते कळायला काहीतरी ओळखीचे हवे. "मांसल" हा शब्दही मुद्दाम आहे. त्याच्याशिवाय यंत्र कवटीवर आणि फासळ्यांवर कातडे ताणून बसवते आणि प्राणी दुष्काळातल्या बैलासारखा दिसतो.

आयसीसॉरस हे नाव प्रॉम्प्टमध्ये नाही हे लक्षात आले असेल. पहिल्या वेळी ते होते. या प्राण्याची चित्रे इतकी थोडी आहेत की नावाने यंत्राला काही सुचत नाही, त्यातला "सॉरस" तेवढा ऐकून ते ओळखीचा लांब मानेचा प्राणी देते. नाव काढले आणि मान आखूड आली. दुसऱ्या वेळी मी "हत्तीसारखे पाय" लिहिले होते. चित्रात सोंड आली नाही, पण कान आले! तिसऱ्या वेळी "शेपूट फरफटत नको, ज्वालामुखी नको" असे बजावले, तर दोन्ही हजर. नको म्हटलेला शब्दही यंत्राच्या कानावर पडतोच. काही ठिकाणी नको त्या गोष्टींसाठी वेगळी चौकट असते, तिथे त्या लिहाव्यात. नसेल तर जे हवे तेच लिहावे, "टोकापर्यंत जमिनीपासून वर" असे.

बाजूने दिसणारे चित्र मागण्याचे कारण तपासणी. समोरून घेतलेले चित्र जास्त थरारक असते, पण त्यात मान किती, खांदा कंबरेपेक्षा वर आहे का, शेपूट कुठे, काहीच मोजता येत नाही. आलेले प्रत्येक चित्र मी एकाच क्रमाने पाहिले. आधी पाय मोजले (एकदा पाच निघाले). मग पुढचे पाऊल, मग शेपटीचे टोक आणि त्याची सावली, मग खांदा आणि कंबर यांची उंची. जनावर पास झाले तरच झाडांकडे पाहायचे. बहुतेक चित्रे पुढच्या पावलावर नापास झाली. शेवटी बाकी सगळे बरोबर असलेल्या एका चित्रातली नखे भाच्याने हाताने पुसली. त्यात कमीपणा कसला?

मुलांना मांसाहारी डायनासोरही हवा होता. लॅमेटाच्याच थरांतला राजासॉरस होता, २००३ मध्ये जगासमोर आला. पण तो गुजरातेत रैयोलीला मिळाला, चंद्रपुरात नाही. रैयोलीचे ते ठिकाण जपले जावे म्हणून बालासिनोरच्या आलिया सुलताना बाबी वर्षानुवर्षे धडपडत आल्या आहेत, आणि आज त्याची ओळख आहे. राजासॉरसला या चित्रात आणावे असे मला वाटले नाही. त्याचे वेगळे फ्लेक्स करू असे ठरले.

मानेबद्दल भाच्याची आणि माझी शेवटपर्यंत हुज्जत झाली. सॉरोपॉड मान आडवी धरत की उंच, यावर तज्ज्ञांचेही एकमत नाही. संगणकावर मणके जुळवून १९९९ मध्ये आडव्या मानेची बाजू मांडली गेली. २००९ मध्ये जिवंत प्राण्यांच्या क्ष-किरण चित्रांवरून दुसऱ्यांनी सांगितले की प्राणी सहसा मान वर धरूनच उभे राहतात. आम्ही मधला कोन घेतला आणि तसे चित्राखाली लिहिले.

चित्राखालच्या ओळी मी घातल्या, त्या अशा: "मान, दंड, धड आणि शेपूट डोंगरगावच्या हाडांवरून. डोके मादागास्करच्या नातेवाइकावरून. मागचे पाय गटातल्या इतरांवरून. मानेचा कोन आणि रंग आमचा अंदाज. गवत पिसदुऱ्याचे."

प्रदर्शनाच्या दिवशी तो मुलगा पुन्हा आला म्हणे. चित्र पाहून झाल्यावर त्याने खालच्या ओळी वाचल्या आणि भाच्याला विचारले, "सर, शेण अजून सापडतं का?" पुढच्या रविवारी त्याला घेऊन पिसदुऱ्याला जायचे ठरले आहे. काही उचलून आणायचे नाही, नुसते पाहायचे, हे मी भाच्याला आधीच बजावून ठेवले आहे.